मध्ये कोण उभं आहे?

सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये क्रेटा आयर नावाचा चौक आहे. दुपार उतरायला लागली की तिथे म्हातारी माणसं पट मांडून बसतात. प्रत्येक पटाभोवती खेळणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त. नोकरीसाठी या शहरात आल्यावर मीही त्या बघ्यांत जाऊन उभा राहायला लागलो. बुद्धिबळ मी सांगलीत शिकलो, शाळेत असताना स्पर्धा खेळलो, त्यामुळे नुसतं बघून चिनी बुद्धिबळ कळेल अशी माझी समजूत होती. रथ कळला, घोडा अर्धामुर्धा कळला. तोफ मात्र कळेना. समोर मोकळी ओळ असताना ती मारत नव्हती, आणि मध्ये काहीतरी आडवं आलं की नेमकी तेव्हाच मारत होती.

शेवटी तिथल्याच एका अंकलना विचारलं. इथे वडीलधाऱ्या माणसाला अंकल म्हणायची पद्धत आहे. बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, इंग्रजी तुटक पण नेमकं. ते म्हणाले, “तू बुद्धिबळ खेळतोस ना? मग तुला शिकवायला वेळ लागेल.” आणि त्यांनी पट मांडला.

पटाबद्दल आधी थोडं. मोहरी घरांत ठेवत नाहीत, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवतात. 9 उभ्या रेघा, 10 आडव्या, म्हणजे 90 जागा. दोघांकडे 16-16 मोहरी. मागच्या ओळीत मधोमध राजा (खरं तर तो सेनापती, पण मी राजाच म्हणतो), त्याच्या दोन्ही बाजूंना सल्लागार, मग त्यांचा हत्ती, मग घोडा आणि कोपऱ्यात रथ. रथ म्हणजे आपला हत्ती, चालीत तसूभरही फरक नाही. त्यांचा हत्ती वेगळा आहे, तो पुढे येईलच. राजा आणि सल्लागार तीन बाय तीन जागांच्या महालातच राहतात. राजा एक जागा सरळ चालतो, सल्लागार एक जागा तिरका. तिसऱ्या ओळीत दोन तोफा, चौथ्या ओळीत एकाआड एक पाच प्यादी. वजीर नाहीच. पहिली चाल लाल बाजूची.

अंकलनी मला लाल मोहरी दिली. तोफेचा नियम त्यांनी एका वाक्यात सांगितला: चालताना रथासारखी, मारताना मात्र मध्ये बरोबर एक मोहरं हवं. ते माझं असो की त्यांचं, लांब असो की जवळ, फरक पडत नाही. एकही नसेल तर मारता येत नाही, दोन असतील तरी येत नाही. मधल्या त्या मोहऱ्याला चिनी खेळाडू तोफेचा गाडा म्हणतात. आपण सोयीसाठी आडोसा म्हणू.

नियम ऐकून मी पट पाहिला तर पहिल्याच चालीला शिकार दिसली. माझ्या उजव्या तोफेच्या रेघेवर समोर त्यांची तोफ, आणि तिच्या मागे अगदी शेवटच्या ओळीत त्यांचा घोडा. मध्ये बरोबर एक मोहरं. “घोडा मारता येतो का?” मी विचारलं. “येतो की. मार.” मी मारला, आणि त्यांच्या कोपऱ्यातल्या रथाने एक पाऊल बाजूला सरकून माझी तोफ उचलली. हिशेब साधा आहे. बरेच खेळाडू रथाचे नऊ, तोफेचे साडेचार आणि घोड्याचे चार गुण धरतात. म्हणजे अर्ध्या गुणाचा तोटा, शिवाय त्यांचा रथ फुकटात कोपऱ्यातून सुटला. सुरुवातीला तोफ घोड्यापेक्षा वरचढ का, तर तेव्हा पट भरलेला असतो आणि आडोसे हवे तितके मिळतात. घोड्याचं उलट आहे. हा घोडा आपल्यासारखा उडी मारत नाही. तो आधी एक पाऊल सरळ टाकतो, मग एक तिरकं, आणि ती सरळ जागा भरलेली असेल तर त्याचा पाय अडकतो. मोहरी कमी होत जातात तसा घोडा मोकळा होतो आणि तोफ उपाशी पडते.

मग अंकल म्हणाले, आता तू काळा घे आणि तुला बुद्धिबळात जे बरं वाटतं तेच खेळ, मी तुला एक गोष्ट दाखवतो. तो डाव चार चालींचा झाला. तो इथे पूर्ण मांडतो, कारण तोफेचं सगळं मर्म त्यात आहे.

त्यांनी एक तोफ आडवी सरकवून मधल्या रेघेवर, आपल्या मधल्या प्याद्याच्या मागे आणली. ही या खेळातली सर्वांत प्रचलित सुरुवात. आता त्यांचं प्यादं आडोसा आणि माझं मधलं प्यादं लक्ष्य. मी बुद्धिबळाच्या सवयीने रथ बाहेर काढायला लागलो आणि त्याला एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या तोफेने माझं मधलं प्यादं मारलं आणि ती तिथेच ठाण मांडून बसली. तिच्या आणि माझ्या राजाच्या मध्ये दोन जागा, दोन्ही रिकाम्या. रथ असता तर हा शह होता. तोफेचा शह नाही, कारण आडोसाच नाही.

तरी मला ती रेघ मोकळी ठेववेना. मोकळ्या रेघेवर राजा उभा असला की काहीतरी मध्ये घालावं, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. मी सल्लागार तिरका उचलून राजापुढे ठेवायला गेलो आणि अंकलनी हाताने थांबवलं. ही चाल बेकायदा आहे. सल्लागार मध्ये आला की तोच आडोसा झाला, म्हणजे मी स्वतःच्या हाताने स्वतःला शह दिला. मग हत्ती मध्ये आणू? तेही तसंच. तोफ आणि राजा यांच्यामधल्या मोकळ्या रेघेत मी एकटं काहीही ठेवू शकत नव्हतो. अशा तोफेला चिनी भाषेत वेगळं नावच आहे, आणि ती मांडून बसली की अनुभवी माणूसही अस्वस्थ होतो.

मी रथ आडवा नेऊन महालाच्या कडेच्या रेघेवर आणला. अंकलनी दुसरी तोफ दोन पावलं पुढे, पटाच्या मधोमध असलेल्या नदीच्या काठावर आणली. मी रथ सरळ खाली नेला. तिथून त्यांची दोन प्यादी माऱ्यात येत होती आणि मला ती चाल चांगली वाटली. त्यांनी काठावरची तोफ आडवी सरकवून मधल्या रेघेवर, पहिल्या तोफेच्या मागे ठेवली, आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले.

आता मागची तोफ शह देतेय आणि पुढची तोफ तिचा आडोसा आहे. मी एकेक उपाय तपासला. राजा बाजूला नेऊ? दोन्हीकडे माझेच सल्लागार. पुढे नेऊ? रेघ तीच, शह तोच. सल्लागार मध्ये घालू? मग मागच्या तोफेसमोर दोन मोहरी झाली म्हणून ती गप्प, पण पुढच्या तोफेला आता सल्लागाराचा आडोसा मिळाला आणि तिचा शह बसला. एकच जागा होती जिथे मोहरं ठेवून बचाव झाला असता: दोन तोफांच्या मधली. तिथे पोहोचणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. दोन्हींपैकी एकही तोफ मारता येत नव्हती. मात.

हा डाव टळला कसा असता? पहिल्याच चालीला घोडा मधल्या बाजूने बाहेर काढून. मग तो मधल्या प्याद्याला जोर देतो आणि तोफेने ते मारलं तर घोडा तोफ मारतो. म्हणूनच मधली तोफ आली की समोरचा बहुतेक वेळा घोडा काढतो. प्यादं गेल्यानंतरही घोडा काढता आला असता, त्या तोफेला निदान हलावं तरी लागलं असतं.

तोफेच्या शहावर उपाय चार: तोफ मारा, राजा हलवा, मध्ये दुसरं मोहरं घाला, किंवा आडोसाच काढून घ्या. चौथा उपाय बुद्धिबळवाल्याला सुचत नाही. समोरच्याची तोफ माझ्याच घोड्याच्या आडून शह देत असेल तर घोडा तिथून उठवला की शह संपला, आणि उठताना त्याने काही मारलं तर दुधात साखर. आडोसा समोरच्याचा असेल तर मात्र हा उपाय नाही. तो त्यांच्या मर्जीने हलतो, आणि बऱ्याचदा तो हलतो तेव्हा आणखी काहीतरी बिघडवूनच जातो.

नदीचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे. पाचव्या आणि सहाव्या आडव्या रेघेमधली पट्टी म्हणजे नदी. तिथे उभ्या रेघा तुटलेल्या दिसतात, पण चालीच्या हिशेबाने ते इतर कुठल्याही पावलाइतकंच एक पाऊल आहे. पाण्यात कुणी उभं राहत नाही, ओलांडायला जादा चाल लागत नाही. बऱ्याच पटांवर त्या पट्टीत चू आणि हान ही दोन नावं लिहिलेली असतात. चिन साम्राज्य कोसळल्यावर श्यांग यू आणि लिऊ पांग या दोन सरदारांत इ.स.पू. 206 ते 202 अशी लढाई चालली. मध्यंतरी एका कालव्याला सीमा मानून तह झाला आणि लवकरच मोडला. अखेर लिऊ पांग जिंकला, त्याचंच हान घराणं. काही पटांवर नदीत वेगळाच मजकूर असतो: खरा सभ्य माणूस डाव बघताना बोलत नाही. त्या चौकात हे वाक्य छापलेल्या पटाभोवतीच सगळ्यात जास्त आरडाओरडा मी ऐकला आहे.

नदीने फक्त दोन मोहऱ्यांचं आयुष्य बदलतं. हत्ती तिरका दोन जागा जातो, मधली जागा भरलेली असेल तर अडतो, आणि नदी ओलांडू शकत नाही. सगळ्या पटावर त्याला उभं राहायला सातच जागा. म्हणजे तो निव्वळ राखणदार. समोरच्याच्या प्रांतात मात करायला निघालात तर हत्ती आणि सल्लागार मिळून चार मोहरी घरीच राहणार. दुसरं प्यादं. नदीच्या अलीकडे ते फक्त एक पाऊल पुढे चालतं, आणि मारतंही सरळ पुढेच, तिरकं नाही. सुरुवातीची दोन पावलांची चाल नाही. दोन पावलांत नदी पार होते, आणि तिथून ते पुढे किंवा बाजूला, एक पाऊल, चालतं आणि मारतं. मागे कधीच येत नाही. सरळ मारण्यामुळे आपल्यासारखी प्याद्यांची कोंडी होत नाही. समोरासमोरच्या प्याद्यांमध्ये एकच जागा मोकळी राहिली की जो आधी पाऊल टाकेल त्याचं प्यादं जातं. त्यामुळे दोघंही कितीतरी वेळ ते पाऊल टाळत राहतात.

आता राजे. नियम एवढाच की दोन राजे एकाच उभ्या रेघेवर, मध्ये काहीही नसताना, समोरासमोर येऊ शकत नाहीत. ज्या चालीने तसं होईल ती चाल करताच येत नाही. ऐकताना मला हे शिष्टाचारासारखं वाटलं होतं. आपल्याकडेही दोन राजे शेजारी येत नाहीत, त्याचीच लांबट आवृत्ती. पण अंकलनी ते वेगळ्या शब्दांत सांगितलं. म्हणाले, “राजा म्हणजे समोरच्या राजापुरता रथ समज. महालात बसून तो अख्खी रेघ धरतो.”

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दोन राजांच्या मध्ये एकच मोहरं असेल तर ते खिळलं. माझा रथ तिथे असेल तर तो त्या रेघेवर खालीवर जाईल, बाजूला जाऊ शकणार नाही, मग समोर फुकटचा घोडा का असेना. दुसरी गोष्ट उमगायला मला वेळ लागला. समजा मधली रेघ मोकळी आहे, तळाशी माझा राजा आहे आणि वर त्यांचा. माझा रथ त्यांच्या राजाच्या अगदी नाकासमोर येऊन बसला. जवळपास माझं दुसरं काहीच नाही. बुद्धिबळात राजा तो हत्ती सरळ खाऊन टाकेल. इथे खाता येत नाही, कारण रथ उचलून तो त्या जागी आला की दोन राजे समोरासमोर. माझा राजा इतक्या लांबून रथाला जोर देतोय. म्हणून चांगले खेळाडू डावाच्या उत्तरार्धात आपल्या राजासाठी मधली रेघ मोकळी करायला धडपडतात. सुरक्षिततेसाठी नाही, हल्ल्यासाठी.

हे पटलं ते एका डावअखेरीवर. अंकलनी सगळी मोहरी उचलली आणि तीनच ठेवली. लाल राजा तळाशी, मधल्या रेघेवर. काळा राजा महालाच्या डाव्या रेघेवर, तिथल्या तीन जागांपैकी मधल्या जागी. लाल प्यादं नदीपार, महालाच्या अगदी बाहेर डावीकडे, काळ्या राजापेक्षा एक ओळ अलीकडे. चाल लालची. “काय होईल?” मी म्हटलं, बरोबरी. एक प्यादं, त्याचा काही वजीर होणार नाही, राजा मदतीला जाऊ शकत नाही. अंकलनी लाल राजा तळातून एक पाऊल पुढे टाकला. बस्स, नुसती वेळ काढणारी चाल.

आता काळ्याने जायचं कुठे? पुढे आला तर प्याद्याच्या बाजूला येतो, आणि नदीपारचं प्यादं बाजूला मारतं. उजवीकडे मधल्या रेघेवर गेला तर लाल राजा समोर, मध्ये काही नाही, चाल बेकायदा. डावीकडे महाल संपतो. उरली मागची, कोपऱ्यातली जागा. तो तिथे गेला. अंकलनी प्यादं एक पाऊल पुढे टाकलं. पुन्हा मोजा. काळ्या राजावर शह नाही. पण तो पुढे आला तर प्यादं मारतं, मधल्या रेघेवर सरकला तर राजे समोरासमोर. एकही चाल शिल्लक नाही. बुद्धिबळात हे स्टेलमेट, अर्धा गुण वाचवला म्हणून हारणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे ज्याला चाल उरली नाही तो हरला. लाल जिंकला, एका प्याद्यावर, शहसुद्धा न देता.

मी तीच मांडणी लाल राजाला एक रेघ उजवीकडे ठेवून करून पाहिली. काळा राजा कोपऱ्यातून आरामात मधल्या रेघेवर सरकला आणि कोंडी फुटली. म्हणजे काम प्याद्याने अर्धंच केलं होतं.

तोफेचंही शेवटी राजापाशीच येऊन ठरतं. डावअखेरीस पट रिकामा झाला की तोफेला आडोसे उरत नाहीत. मग खेळाडू ती परत आपल्या महालात नेतात आणि स्वतःच्या सल्लागाराला आडोसा करून तिथून लांबवर मारा करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माणूस माघार घेतोय, आणि तीन-चार चालींनी समोरचा हरला. उलट एकट्या राजासमोर तोफ एकटीच उरली आणि सल्लागार वगैरे काहीच नसेल, तर ती मात करू शकत नाही. लाल राजा आणि तोफ मिळून कोंडी करतील असं वाटतं, पण आडोसाच नसल्याने तोफ काहीच धरत नाही. त्याच जागी एक नदीपारचं प्यादं असतं तर डाव जिंकला असता.

प्याद्यालाही अट आहे, आणि ती नेमकी आपल्या सवयीच्या उलट आहे. शेवटच्या ओळीत नेलं की वजीर, या हिशेबाने आपण प्यादं दामटत नेतो. इथे शेवटच्या ओळीत गेलेलं प्यादं पुढे जाऊ शकत नाही, मागे येऊ शकत नाही, फक्त त्याच ओळीत डावीउजवीकडे सरकतं. काळा राजा त्या ओळीच्या अलीकडच्या दोन जागांत पुढेमागे करत राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो.